1050 शब्दांचा एसओपी 500 शब्दांत आणताना: काय गाळावे आणि काय वाढवावे

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातील आहे. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि दोन वर्षे नोकरी करत आहे. अमेरिकेतील जलसंपदा अभियांत्रिकीच्या एमएससाठी 1050 शब्दांचा एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जासोबतचे उद्देशपत्र, लिहिला, तो सर्वांना आवडला. आता ब्रिटनमधील जलधोरण आणि जलव्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या एमएस्सीसाठी अर्ज करायचा आहे, तिथे मर्यादा 500 शब्दांची आहे. अनेकदा कापून पाहिले, पण दर वेळी तो बायोडाटासारखा कोरडा होतो. गोष्ट न हरवता निम्मा कसा करावा? मूळ आणि कापलेला असे दोन्ही मसुदे सोबत पाठवत आहे.

उत्तर:

दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले. तुम्ही प्रत्येक परिच्छेदातून साधारण निम्मे शब्द कमी केले आहेत. त्यामुळे मूळ मसुद्यातले आठही विषय, म्हणजे बालपण, महाविद्यालय, प्रकल्प, इंटर्नशिप, नोकरी, एटीकेटीचे स्पष्टीकरण, प्राध्यापकांची नावे आणि भविष्यातील उद्दिष्ट, छोट्या मसुद्यातही जसेच्या तसे हजर आहेत, फक्त प्रत्येकाच्या वाट्याला एक ते तीन वाक्ये आली आहेत. कोरडेपणा इथूनच येतो. असे समान कापताना सर्वांत आधी बळी जातात ती एका घटनेतून दुसरी घटना कशी निघाली हे सांगणारी वाक्ये. त्यांत माहिती कमी असते, आकडे नसतात, संस्थेचे नाव नसते, म्हणून ती गाळण्याजोगी वाटतात. पण गोष्ट त्याच वाक्यांत असते. ती गेली की उरते ती तारखांच्या क्रमाने लावलेली यादी, आणि ती तर तुमच्या सीव्हीमध्ये आहेच.

तुमच्या एसओपीतील गोष्ट नेमकी कोणती, हे कात्री हातात घेण्यापूर्वी ठरवायला हवे. गावात येणारा टँकर ही तुमची गोष्ट, असे तुम्ही मानलेले दिसते, कारण कापलेल्या मसुद्यात तुम्ही तोच परिच्छेद सर्वाधिक जपला आहे. टँकर हा प्रसंग आहे. एसओपीमध्ये गोष्ट असते ती एका प्रश्नाची: तो कुठे पडला, त्याचे उत्तर शोधताना काय केले, ते उत्तर कुठे अपुरे पडले आणि त्या अपुरेपणामुळे आता नेमके काय शिकायचे आहे. तुमच्या मूळ मसुद्यातून ही साखळी मी अशी काढली: पाणी वाटून घ्यावे लागते अशा गावात वाढलात; सिमेंट नाला बांधामुळे विहिरींचे पाणी किती वाढते हे मोजलेत; पाणी वाढूनही पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या; म्हणून खडकातील पाण्याच्या हालचालीचे गणिती प्रारूप तयार करण्याचे तंत्र शिकायचे आहे. या चार कड्यांपैकी पहिल्या तीन नव्या अर्जातही खऱ्या आहेत. चौथी बदलते. ती बदलली की आधीच्या तिन्ही कड्यांमधले महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय, हेही बदलते, आणि तुमच्याकडून नेमके हेच लक्षात घ्यायचे राहून गेले आहे.

म्हणून काम शेवटाकडून सुरू करावे. जुना मसुदा बंद ठेवून आधी नव्या अभ्यासक्रमासाठीचा शेवटचा परिच्छेद कोऱ्या पानावर लिहावा. त्यासाठी विभागाच्या पानावरील परिचयात्मक मजकुरापेक्षा विषयांची यादी आणि प्रबंधाविषयीची माहिती उपयोगी पडते. अमेरिकेतील एमएससाठी, विशेषतः थिसिस करायचा असल्यास, निवड करणारे प्राध्यापक तुमच्याकडे संशोधन करू शकणारा अभियंता म्हणून पाहतात. तिथे तुमचे गणित, सॉफ्टवेअर आणि कोणत्या प्राध्यापकाच्या कामाशी तुमचा धागा जुळतो हे मोलाचे ठरते. एक वर्षाच्या धोरणविषयक एमएस्सीमध्ये बहुतांश काळ वर्गातील विषयांचा आणि शेवटचे काही महिने प्रबंधाचे असतात. तिथल्या वाचकाला पाहायचे असते की हा अभियंता पाण्याकडे हक्क, कायदा, पैसा आणि निर्णय यांच्या अंगाने पाहू शकतो का, आणि तसे पाहण्याची गरज त्याला स्वतःच्या कामातून पटली आहे का. तुमचे गणित तिथे वाया जात नाही, पण त्याला अर्धे वाक्य पुरते.

तुमच्या माहितीवरून मी असा शेवट सुचवेन. इंग्रजीत तुम्ही तो स्वतःच्या शब्दांत लिहालच. इथे मराठीत आशय देतो. "महाराष्ट्रात 2009 चा भूजल अधिनियम खोल विहिरींवर निर्बंध घालतो, आणि तरीही मी मोजलेल्या विहिरींच्या पट्ट्यात नव्या बोअरवेल होत राहिल्या. कायदा आणि गावातील प्रत्यक्ष उपसा यांच्यातील हे अंतर कशामुळे पडते आणि गावपातळीवरील कोणती व्यवस्था ते कमी करू शकते, यावर मला प्रबंध लिहायचा आहे. जलकायदा आणि जल-अर्थशास्त्र हे या अभ्यासक्रमातील दोन विषय त्यासाठी मला हवे आहेत, कारण अभियांत्रिकीच्या शिक्षणात मला ते मिळाले नाहीत." यापुढे हे नोकरीतील अनुभवाशी जोडणारे एक वाक्य लिहिले की हा भाग इंग्रजीत साधारण 120 शब्दांत बसेल. विषयांची नावे अर्थातच त्या विद्यापीठाच्या यादीतील हुबेहूब नावे असावीत.

आता या शेवटावरून मागे यावे आणि जुन्या मसुद्यातील प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारावा: हा परिच्छेद वाचला नाही, तर शेवटची मागणी वाचकाला निराधार वाटेल का? वाटत असेल तर तो राहील. नसेल तर तो कितीही सुंदर लिहिलेला असला तरी जाईल.

या कसोटीला प्रकल्पाचा परिच्छेद सर्वांत नीट उतरतो, आणि तिथेच सर्वांत मोठा बदल करावा लागतो. मूळ मसुद्यात तो साधारण असा आहे: "अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी एका सिमेंट नाला बांधाच्या परिसरातील 14 विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजली. बांधापासूनचे अंतर, विहिरीची खोली आणि खडकाचा प्रकार यांचा पातळीतील वाढीशी असलेला संबंध सांख्यिकी पद्धतीने तपासला. बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींत सर्वाधिक वाढ आढळली. पुढील मे महिन्यात मात्र त्यांतील बहुतेक विहिरी पूर्वीसारख्याच कोरड्या होत्या, कारण परिसरात नव्या बोअरवेल झाल्या होत्या. या प्रकल्पाने मला संशोधनाची शिस्त शिकवली." तुमच्या कापलेल्या मसुद्यात त्याचे हे झाले: "अंतिम वर्षात मी 14 विहिरींच्या पाणीपातळीचा सांख्यिकी अभ्यास करून बांधाचा परिणाम सिद्ध केला." वाक्य नेटके आहे आणि शब्दही वाचले आहेत, पण ज्या एका निरीक्षणामुळे तुम्ही धोरणाकडे वळलात तेच त्यातून निघून गेले आहे. शिवाय आता वाचकाला वाटेल की प्रकल्प यशस्वी झाला आणि प्रश्न संपला. मग हा उमेदवार धोरण शिकायला का येतो आहे, हे त्याला समजणार नाही.

अभियांत्रिकीच्या अर्जात नव्या बोअरवेलचा उल्लेख हा मोजमापात अडथळा आणणारा घटक होता, म्हणून तिथे त्याला अर्धे वाक्य पुरेसे होते. धोरणाच्या अर्जात तोच मुख्य शोध आहे. म्हणून एकूण मसुदा निम्मा करताना ही जागा मात्र वाढवावी लागेल: "अंतिम वर्षात मी एका सिमेंट नाला बांधाभोवतीच्या 14 विहिरींची पातळी मोजली. पावसाळ्यानंतर खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी अपेक्षेप्रमाणे वाढले, पण पुढच्या मे महिन्यात त्या पुन्हा कोरड्या होत्या. मधल्या काळात त्याच पट्ट्यात नव्या बोअरवेल घेतल्या गेल्या होत्या. बांध सार्वजनिक पैशातून झाला होता. त्यातून मुरलेले पाणी मात्र ज्याची बोअरवेल अधिक खोल त्याच्याकडे गेले. पाणी किती मुरले हे माझ्या आकड्यांतून सांगता येत होते. ते कोणी किती उपसावे हे कोण ठरवते, याचे उत्तर त्या आकड्यांत नव्हते." यात सांख्यिकी पद्धत, खडकाचा प्रकार आणि संशोधनाची शिस्त हे तिन्ही गेले आहेत, आणि तरीही हा परिच्छेद मूळच्या परिच्छेदापेक्षा अधिक बोलतो. बोअरवेल नेमक्या किती झाल्या याची तुमच्या नोंदवहीत खात्रीची नोंद असेल तर आकडा जरूर द्यावा. अंदाजाने देऊ नये, कारण मुलाखत झाली तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

माझ्या अनुभवात चांगल्या रीतीने लहान केलेल्या प्रत्येक एसओपीमध्ये मूळ मसुद्यापेक्षा लांब झालेली निदान एक जागा असते. तशी एकही जागा तुमच्या मसुद्यात नसेल, तर तुम्ही जुनाच एसओपी छोटा केला आहे; नव्या अभ्यासक्रमासाठीचा एसओपी अजून लिहायचाच आहे, असे समजावे.

सुरुवातीच्या बालपणाच्या परिच्छेदात 180 शब्द आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेगाडीवर खर्च झाले आहेत. तो प्रसंग मोठा होता, देशभर गाजला, आणि तुम्ही तो जवळून पाहिला हेही खरे. पण मराठवाड्यातून पाण्याच्या विषयाकडे येणारे अनेक अर्जदार तोच प्रसंग लिहितात, आणि तो वाचून लातूरची परिस्थिती कळते, तुम्ही कोण हे कळत नाही. त्याच परिच्छेदाच्या शेवटी तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिली आहे: टँकर आला की कोणत्या आळीला आधी पाणी मिळेल यावर दर वेळी वाद होत आणि तुमची आई शेजारणींसोबत वहीत पाळ्या लिहून ठेवत असे. पाणी कमी असताना ते वाटून घेण्याचा नियम माणसे स्वतः कसा बनवतात, याचे इतके नेमके उदाहरण तुमच्याजवळ आहे आणि ते रेल्वेगाडीच्या मागे दडून गेले आहे. नव्या एसओपीची सुरुवात त्या वहीपासून करावी. टँकर, पाळ्यांची वही आणि ती कोणत्या आळ्यांना मान्य होती व कोणत्यांना नव्हती, एवढे तीन-चार वाक्यांत, 80 ते 90 शब्दांत येते. गाडीचा उल्लेखही नको. मग प्रकल्पातील बोअरवेलपर्यंत पोहोचल्यावर वाचकाला आपोआप दिसेल की बादल्यांसाठी गावात नियम होता आणि भूगर्भातील पाण्यासाठी नव्हता. हे तुम्ही वाक्यात सांगण्याचीही गरज नाही, आणि जिथे सांगावे लागत नाही तिथेच सर्वाधिक शब्द वाचतात.

महाविद्यालयाचा 150 शब्दांचा आणि इंटर्नशिपचा 90 शब्दांचा परिच्छेद पूर्ण जावेत. गुण, विषय, स्पर्धा आणि पूररेषेच्या प्रारूपाचे काम हे सर्व गुणपत्रिकेत आणि सीव्हीमध्ये आहे. इथे बहुतेकांना भीती वाटते की बारावीपासून थेट अंतिम वर्षावर उडी मारली तर मधला काळ मोकळा दिसेल. तसे होत नाही. तारखांची सलगता सीव्ही सांभाळतो, आणि एसओपीमध्ये वाचक विचाराची सलगता शोधत असतो. "पुढे स्थापत्य अभियांत्रिकी शिकताना" एवढे चार शब्द ही उडी पार करायला पुरतात.

मधले परिच्छेद काढल्यावर एक दोष हमखास राहतो, तो तपासायला हवा. नंतरच्या वाक्यांत "त्या इंटर्नशिपमध्ये", "वर सांगितलेली पद्धत", "याच मार्गदर्शकांनी" असे उल्लेख शिल्लक राहतात आणि ज्याकडे ते बोट दाखवतात ते कापलेल्या भागात गेलेले असते. लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या मनात जुना मसुदा पूर्ण असतो. तुमच्या छोट्या मसुद्यातच असे दोन उल्लेख आहेत: नोकरीच्या परिच्छेदातील "त्या प्रारूपाचा अनुभव" आणि शेवटी आलेले "सरांच्या सूचनेवरून". कोणते प्रारूप आणि कोण सर, हे नव्या वाचकाला कुठेच कळत नाही.

नोकरीच्या 160 शब्दांतून मला एकच गोष्ट ठेवावीशी वाटते. तुम्ही बंद नलिकांच्या वितरण व्यवस्थेचे आराखडे करता आणि त्यासाठी पाण्याची मागणी कागदावरच्या मंजूर पीकरचनेवरून धरली जाते, तर लाभक्षेत्रात प्रत्यक्षात ऊस त्याहून बराच अधिक असतो, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे नळीचा व्यास बरोबर काढूनही शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. विहिरींच्या बाबतीत जे दिसले तेच वेगळ्या ठिकाणी, नोकरीतही दिसले, म्हणून हा प्रसंग साखळी बळकट करतो. त्याला 70 शब्द द्यावेत. प्रकल्पांची संख्या, किलोमीटर, पदोन्नती आणि सॉफ्टवेअरची नावे सीव्हीमध्ये राहू द्यावीत. आपल्या कंपनीवर किंवा खात्यावर टीका होते आहे असा सूर मात्र येऊ देऊ नये. आराखडा आणि वापर यांतील तफावत सांगणे पुरेसे आहे.

एटीकेटीच्या स्पष्टीकरणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: 500 शब्दांत त्याला जागा नाही. एकाच विषयात एकदा राहिलेली एटीकेटी, तीही पुढच्या सत्रात सुटलेली, ही गोष्ट गुणपत्रिकेवरून दिसते आणि तिच्यावर 60 शब्द खर्चले तर तुम्हीच तिला मोठे करता. अर्जात अतिरिक्त माहितीसाठी स्वतंत्र रकाना असेल तर तिथे कारण दोन सरळ वाक्यांत लिहावे. सलग दोन सत्रे वाया गेली असती तर मी वेगळा सल्ला दिला असता.

प्राध्यापकांच्या नावांचेही तसेच. जुन्या एसओपीतील तिन्ही प्राध्यापक प्रारूपांवर काम करणारे होते. नव्या विद्यापीठातील तीन नावे शोधून त्यांच्या जागी बसवणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो, पण वर्गातील विषयांवर आधारलेल्या अभ्यासक्रमात प्रबंधाचा मार्गदर्शक बऱ्याचदा प्रवेशानंतर ठरतो, त्यामुळे नावांची यादी तिथे फारसे काही सिद्ध करत नाही. तुमच्या प्रबंधाच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले एखाद्याचे काम तुम्ही खरोखर वाचले असेल तर एकच नाव आणि त्या कामातील एक मुद्दा द्यावा. नसेल तर दोन विषयांची नावे पुरेत.

आता बेरीज करून पाहा. सुरुवात 90, प्रकल्प 170, नोकरी 70, शेवटचा परिच्छेद 120, आणि पुढे काय करणार यासाठी 50. आठ विषयांच्या जागी पाच भाग राहिले आणि प्रकल्पाने एकूण जागेचा तिसरा हिस्सा घेतला. भविष्याच्या 50 शब्दांत "देशाच्या जलसुरक्षेसाठी योगदान" हे जुने वाक्य ठेवू नये. तुम्ही राज्याच्या भूजल यंत्रणेत, एखाद्या पाणलोट संस्थेत की सल्लागार कंपनीतच पण वेगळ्या भूमिकेत काम करू इच्छिता, ते नेमके लिहावे. इथे हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद आणि बोअरवेलवरील बंदी यांचा उल्लेख करण्याचा मोह होईल, कारण तुमच्या प्रश्नाचे ते जवळचे उदाहरण आहे. मसुद्यांवरून तुम्ही तिथे गेल्याचे किंवा त्यावर काम केल्याचे दिसत नाही, म्हणून या आवृत्तीत तो टाळावा. लहान एसओपीमध्ये ऐकीव उदाहरण तुमच्या 14 विहिरींची जागा घेते.

लिहिण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. वर दिलेली चार कड्यांची साखळी नव्या शेवटासह एका कागदावर लिहून घ्यावी आणि जुनी फाईल न उघडता, आठवेल तसे, सलग लिहावे. न बघता लिहिताना जे आठवते ते बहुधा गोष्टीचा भाग असते, आणि जे आठवत नाही त्यातील बरेचसे सजावट असते. हा मसुदा बहुधा सहाशेच्या आसपास जाईल. त्यानंतरच जुनी फाईल उघडून एखादा नेमका तपशील किंवा चांगले जमलेले वाक्य उचलावे. वाक्यांच्या पातळीवरची काटछाट सर्वांत शेवटी करावी. त्या वेळी "मला असे जाणवले की", "या अनुभवाने मला शिकवले", "मी नेहमीच उत्सुक राहिलो आहे" अशा प्रस्तावना काढल्या आणि एकाच अर्थाची जोडविशेषणे सुटी केली की पन्नास-साठ शब्द सहज सुटतात. उरलेल्यांसाठी वाक्ये आवळत बसू नये, एखादा तपशील पूर्ण काढावा. आवळलेली वाक्ये परक्या वाचकाला धापा टाकत वाचावी लागतात.

गोष्ट टिकली की नाही हे ओळखण्यासाठी छोटा मसुदा अशा व्यक्तीला द्यावा जिने जुना वाचलेला नाही आणि जिचे क्षेत्र पाणी नाही. वाचून झाल्यावर कागद परत घ्यावा आणि "आवडला का" असे न विचारता "हा उमेदवार हा अभ्यासक्रम का मागतो आहे" असे विचारावे. उत्तरात पाळ्यांची वही, मे महिन्यात आटलेल्या विहिरी आणि नियमाचा प्रश्न या तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने आल्या तर काम झाले. उत्तर "त्याला पाण्याची आवड आहे" असे आले तर कडी तुटली आहे, आणि ती बहुधा प्रकल्प आणि शेवट यांच्यामध्ये तुटलेली असते.

मजकूर अर्जात भरण्यापूर्वी जुन्या विद्यापीठाचे नाव, "एमएस" हा शब्द आणि अमेरिकी स्पेलिंग शोधून बदलावे. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, हे अर्जाच्या पानावरच वाचावे. अक्षरांची असेल तर मोकळ्या जागाही सहसा मोजल्या जातात.

शेवटी, प्रकल्पातील सांख्यिकी पद्धत आणि मोजमापाची शिस्त तुम्ही एसओपीतून काढली आहे, पण निवड समितीला ती कुठेतरी दिसायला हवी. तुमच्या प्रकल्प मार्गदर्शकांचे शिफारसपत्र ही त्यासाठी योग्य जागा आहे. त्यांच्याकडे अजून अमेरिकेच्या अर्जाचाच एसओपी असेल, तर त्यावर बेतलेले पत्र नव्या अर्जाशी जुळणार नाही. म्हणून त्यांनी पत्र अपलोड करण्यापूर्वी नवा 500 शब्दांचा मसुदा त्यांना पाठवावा, आणि विहिरींच्या मोजमापाची पद्धत व विश्लेषण यांविषयी पत्रात सविस्तर लिहिण्याची विनंती करावी.